पहारेकरी घाबरतो

लालशाई बाईंच्या हाताला एक खोड होती. चुकीचं वाक्य दिसलं की हात शिवशिवायचा. दवाखान्यात रांगेत बसल्या, तर समोरच्या सूचनेतला शब्द खोडून बरोबर करून ठेवायच्या. शेजारणीने मुलीला लिहिलेलं पत्र कौतुकाने वाचायला दिलं, तर ते तिला लाल खुणांसकट परत मिळायचं. शेजारीण पुढे पत्रं दाखवेनाशी झाली, तरी बाईंना त्याचं कारण कळलं नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पर्समध्ये चष्म्याशेजारी लाल पेन असायचंच. जित्याची खोड, दुसरं काय! लालशाई हे नाव पोरांनी ठेवलेलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

वाईट बाई नव्हत्या हो त्या. उलट शाळेत कुणाचं पोर मागे पडलं की यांचाच जीव तुटायचा. म्हणून तर एका संध्याकाळी छोट्या मॅडम त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. छोट्या मॅडम म्हणजे शाळेतल्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना वाचता-लिहिता येणं जड जातं, त्यांना त्या वेगळ्या खोलीत बसवून शिकवायच्या. एके काळी त्या स्वतः लालशाई बाईंच्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसायच्या.

"बाई, एक काम होतं," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेत नववीत एक मुलगी आहे. टिटवी म्हणतात तिला सगळे. आकलनाच्या परीक्षेला तिच्यासाठी वाचक आणि लेखनिक हवाय. म्हणजे उतारा वाचून दाखवायचा, आणि ती जे उत्तर सांगेल ते लिहायचं."

"का? हात मोडलाय?"

"नाही. डिस्लेक्सिया आहे. डोळ्यांत दोष नाही, आणि डोक्यात तर नाहीच नाही. पण एकेक अक्षर ओळखायलाच तिची इतकी ताकद जाते, की ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. स्वतः वाचून लिहिलं की वीसपैकी चार. तसाच नवा उतारा मी वाचून दाखवला आणि तिने तोंडी सांगितलं, तर सतरा."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे वाचायचं एकीने, लिहायचं एकीने, आणि पास व्हायचं टिटवीने! बरं आहे की गं."

"हेडसरही हेच म्हणाले," छोट्या मॅडम म्हणाल्या. हा टोमणा त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता, की आता रागही येत नव्हता. "बाई, परीक्षा कशाची आहे ते बघा ना. अक्षरवाचनाची असती, तर मी वाचक मागितलाच नसता. मग तो लबाडीच झाला असता. पण इथे बघायचंय ते उतारा समजला की नाही एवढंच. एखादीला पोहता येतं का ते बघायचंय, आणि आपण तिला आधी लंगड्या पायाने विहिरीपर्यंत पळायला लावतोय. ती वाटेतच पडते. मग आपण म्हणतो, बघा, हिला पोहता येत नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. हे त्यांना पटलं होतं. पटलेलं त्या कबूल मात्र पटकन करत नसत.

"या वर्गात ती दोनदा नापास झालीय," छोट्या मॅडम पुढे म्हणाल्या. "तिसऱ्यांदा झाली तर शाळा नाव काढून टाकते. बाकीचे विषय कसेबसे निघालेत, हा एवढाच राहिलाय. तिच्या वडिलांची लाँड्री आहे. ते चांगले आहेत, पण त्यांनीही सांगून टाकलंय, आता हे शेवटचं, पोरीचा अजून किती अपमान करून घ्यायचा. मी तिला शिकवते, म्हणून नियमाने मला बसता येत नाही. तुम्ही बसाल?"

"बसेन," बाई म्हणाल्या. "त्यात काय मोठंसं."

आणि इथेच सगळं चुकलं. त्यात मोठं होतं. छोट्या मॅडमनी पिशवीतून सूचनांचा कागद काढला आणि घाबरत घाबरत वाचायला लागल्या. उतारा सपाट आवाजात वाचायचा, कुठल्याही शब्दावर जोर द्यायचा नाही, नाहीतर उत्तर तिथेच आहे हे कळतं. ती म्हणेल तितक्यांदा पुन्हा वाचायचं. अर्थ सांगायचा नाही. उत्तर तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं लिहायचं. तिने मागितलं की लिहिलेलं वाचून दाखवायचं. शुद्धलेखनाचे गुण तिला नाहीत, त्यामुळे ती काळजी नाही.

"आणि उद्या तासभर शाळेत याल का? तुमच्या आवाजाची तिला सवय व्हायला हवी. एकत्र सराव झाला की—"

"मला सराव?" बाई हसल्या. "अगं, तुला बाराखडी कुणी गिरवायला लावली?"

छोट्या मॅडम कसंनुसं हसल्या. "आणि टेबलावर एक रेकॉर्डर ठेवला असता. काही वाद झालाच तर—"

"वाद?" बाईंचा पारा चढला. "माझ्यावर पाळत ठेवणार तू? मग दुसरी कुणी बघ बाई."

दुसरी कुणी नव्हतीच. सगळे शिक्षक परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षणाला असणार होते. शिवाय खरं सांगायचं तर, छोट्या मॅडम अजूनही मनाने दुसऱ्या बाकावरच बसलेल्या होत्या. हेडसरांशी त्या वर्षभर भांडल्या होत्या, परीक्षा मंडळाच्या कार्यालयाचे उंबरे झिजवले होते, पण बाईंपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी सूचनांचा कागद घडी घालून बाईंच्या हातात दिला आणि त्या निघून गेल्या. बाईंनी तो चष्म्याच्या डबीखाली ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

परीक्षेच्या दिवशी टिटवीला नकाशांच्या खोलीत बसवलं. वेगळी खोली, म्हणजे वाचनाचा आवाज दुसऱ्यांना त्रास देणार नाही आणि हिला दुसऱ्यांचं दडपण येणार नाही. वेळ जादा, कारण ऐकायला, पुन्हा ऐकायला आणि सांगायला वेळ लागतोच. समोर उताऱ्याची मोठ्या टाइपातली, ओळींत मोकळी जागा सोडलेली प्रत. पोरगी उंच, किडकिडीत. केस घट्ट बांधलेले. बोटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग.

"नमस्कार बाई. मी मध्येच थांबा म्हटलं तर चालेल ना?"

"चालेल की."

"आणि पुन्हा म्हटलं तर?"

"अगं हो बाई, वाचीन, शंभरदा वाचीन!" बाईंना तिचा एकदम लळाच लागला. खरं सांगते, तो लळाच भोवला.

उतारा होता एका झुलत्या पुलाच्या पहारेकऱ्याचा. रोज सकाळी लोकांना सोडण्याआधी तो एकटा पूल ओलांडून जातो आणि परत येतो. जाताना बूट अलीकडच्या काठावर काढून ठेवतो. एक दिवस नवा अधिकारी येतो आणि म्हणतो, पूल मजबूत आहे, आता याची गरज नाही. पहारेकरी हो म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट काढतो.

बाईंनी वाचलं, आणि चांगलं वाचलं. जोर द्यायचा मोह त्यांनी गिळला. टिटवी डोळे मिटून ऐकत होती. "थांबा," ती म्हणायची, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. "अधिकाऱ्याचं पुन्हा." बाई पुन्हा वाचायच्या. तिसऱ्या वेळेला पोरीने डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते बाईंनी आयुष्यभर वर्गांमधून शोधलं होतं. कळलंय, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पहिली उत्तरं सोपी होती. टिटवी बोलायची तशी, तुटक तुटक सांगायची. "तो जातो ना, आधी, एकटाच, मग लोकं." बाईंच्या हातून कागदावर उतरायचं, 'तो प्रथम एकटा पूल ओलांडतो व त्यानंतर लोकांना सोडतो.' बाईंना त्यात काही गैर वाटलंच नाही. अर्थ तोच. आंघोळ घालून पोराला नवे कपडे चढवले, म्हणून पोर बदलतं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त गुणांचा होता. पहारेकरी बूट का काढून ठेवतो, यावरून त्याच्या स्वभावाविषयी काय समजतं?

टिटवीने पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाली, "तो घाबरतो."

बाईंचं पेन थांबलं.

"रोज घाबरतो. पूल तुटेल असं त्याला रोज वाटतं. बूट इकडे ठेवतो, कारण तो पडला तर लोकांना बूट दिसतील. मग दुसरं कोण जाणार नाही. साहेब म्हणतो गरज नाही, तर हा हो म्हणतो, कारण साहेबाला भीती सांगायची लाज वाटते. पण जातोच. घाबरतो आणि जातो."

अरे देवा, बाईंना वाटलं. सगळं छान चाललं होतं, आणि शेवटच्या उत्तरात पोर घसरली! पहारेकरी कधी घाबरट असतो का? उतारा कर्तव्यावर आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मोठा प्रश्न, एवढे गुण, आणि पोरीचं शेवटचं वर्ष. बाईंनी अशा उत्तरांवर हजारदा लाल रेघ मारली होती. आज रेघ मारायची नव्हती, आज पोरीला वाचवायचं होतं. हात शिवशिवला. त्यांनी लिहिलं, 'पहारेकरी अत्यंत निर्भय व कर्तव्यदक्ष आहे. स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता तो न डगमगता पूल ओलांडतो. बूट काढून ठेवणे हे त्याच्या कर्तव्यनिष्ठेचे प्रतीक आहे.'

"वाचून दाखवता?" टिटवीने विचारलं. तसं विचारायचं, हे छोट्या मॅडमनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

बाई क्षणभर अडखळल्या. मग कागद डोळ्यांसमोर धरून त्यांनी वाचलं, "तो घाबरतो. रोज घाबरतो. पडला तर लोकांना बूट दिसतील, मग दुसरं कोणी जाणार नाही. घाबरतो आणि जातो." पोरीचं मन कशाला मोडायचं, एवढाच त्यांचा विचार होता. टिटवी कागदाकडेच बघत होती. शाईच्या ओळींवरून तिची नजर बाईंच्या आवाजाबरोबर सरकत होती. मग ती हसली, आणि म्हणाली, "हो. असंच."

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तर बाईंना तिथे बसवलं होतं.

पुढच्या आठवड्यात हेडसरांचा निरोप आला. लेखनिक घेऊन दिलेली उत्तरपत्रिका मुलाच्या भाषेतली वाटली नाही, तर मंडळाचा तपासनीस शाळेत येऊन मुलाला तोंडी प्रश्न विचारतो. नियमच होता तसा. बाई गेल्या तेव्हा हेडसरांच्या खोलीत टिटवी उभी होती. तिचे वडील दाराशी टोपी चुरगळत होते आणि छोट्या मॅडम भिंतीला टेकून होत्या. तपासनीस म्हणजे शांत, थकलेला माणूस. आवाजही चढवत नव्हता.

"घाबरू नकोस," तो टिटवीला म्हणाला. "तुझं उत्तर मला नीट समजलं नाही, म्हणून विचारतोय. तू लिहिलंस, पहारेकरी न डगमगता पूल ओलांडतो. न डगमगता म्हणजे काय, सांगशील?"

टिटवीने बाईंकडे बघितलं. "सर, मी असं नाही म्हटलं."

"बरं. निर्भय आहे, असं लिहिलंयस."

"नाही सर. तो घाबरतो." तिचा आवाज घट्ट झाला. "तो तर रोज घाबरतो. म्हणून तर बूट काढतो." आणि तिने सगळं सांगितलं, लोकांना दिसणारे बूट, साहेबापुढची लाज, सगळं. नकाशांच्या खोलीत सांगितलं होतं त्याहून जास्त चांगलं. तपासनीस पेन खाली ठेवून ऐकत राहिला.

"उत्तम," तो अखेर हळूच म्हणाला. "फार उत्तम. या उत्तराला पूर्ण गुण आहेत. आमच्या नमुना उत्तरातही भीतीच आहे." मग त्याने उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "पण इथे ते नाहीये. इथे याच्या बरोबर उलटं लिहिलंय. म्हणजे हे हिचं उत्तर नाही."

पोरीने खरं सांगितलं, आणि तिच्या खरेपणानेच तिला पकडून दिलं.

"मी लिहिलं ते," लालशाई बाई म्हणाल्या. "माझी चूक आहे. ती आत्ता म्हणाली तेच तिने सांगितलं होतं, शब्दन् शब्द. मला वाटलं... तिला गुण मिळावेत म्हणून मी बदललं. शिक्षा मला करा. तिचं आत्ताचं उत्तर धरा."

"आत्ताचं कसं धरू, बाई?" तपासनीस म्हणाला. "परीक्षा होऊन आठवडा गेला. मधल्या काळात कोणी शिकवलं नसेल हे मी कशावरून मानू? त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आहे का?"

छोट्या मॅडमनी मान खाली घातली. "नाही," बाई म्हणाल्या. "मीच नको म्हटलं होतं."

"मग लेखनिकाने उत्तर बदललंय, हे तुम्हीच कबूल केलंत. पत्रिका रद्द होते. यात माझ्या हातात काही नाही." त्याने हेडसरांकडे बघितलं. "फेरपरीक्षा देता येईल. पण चौकशी संपेपर्यंत या शाळेत वाचक-लेखनिकाची सवलत बंद राहील."

"अहो, सवलतीशिवाय तिला—" छोट्या मॅडम पुढे झाल्या.

"मला कळतंय," तो म्हणाला. त्याला खरंच कळत होतं. त्याने काय फरक पडणार होता?

हेडसर तर मोकळेच झाले. "मी आधीच म्हणत होतो," ते म्हणाले. वडिलांनी टोपी घातली आणि पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पडताना टिटवी बाईंजवळ थांबली. ती चिडेल, रडेल, काहीतरी बोलेल, अशी बाईंनी वाट बघितली. ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं होतं का, बाई?"

"नाही गं. तुझं बरोबर होतं."

"मग का बदललं?"

हजारो उत्तरं तपासलेली बाई, पण या एका प्रश्नाला कोरा कागद.

फेरपरीक्षा मोठ्या हॉलमध्ये झाली, सगळ्यांबरोबर. बारीक टाइप, ठरलेला वेळ, कोणी वाचणारं नाही. छोट्या मॅडम व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. काचेतून त्यांना दिसत होतं, टिटवी एका ओळीवर बोट ठेवून ओठ हलवतेय, पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला जातेय, पुन्हा तीच ओळ. घंटा झाली तेव्हा बोट पहिल्याच परिच्छेदात होतं. नंतर त्यांनी विचारलं, कशावर होता गं उतारा? टिटवी म्हणाली, "माहीत नाही. माणूस होता बहुतेक." दोन गुण मिळाले. शाळेने नाव काढून टाकलं. बाकीच्या ज्या मुलांना छोट्या मॅडमनी सवलत मिळवून दिली होती, त्यांचीही चौकशी लांबली. त्यातल्या दोघांनी परीक्षेला बसायचंच सोडलं.

लालशाई बाईंनी अर्ज केले, मंडळाच्या कार्यालयात बसून राहिल्या, आपल्या हातून काय झालं ते प्रत्येक टेबलावर सांगितलं. सगळे आदराने उभे राहायचे आणि सगळे एकच सांगायचे, नियम म्हणजे नियम. लाल पेन त्यांनी कधीच फेकून दिलं होतं. त्याने काय होणार होतं, बैल गेला नि झोपा केला!

शेवटी त्या लाँड्रीत गेल्या. वाफेने भरलेली लांब, अरुंद खोली. मागे वडील कपडे पिळत होते. टिटवी टेबलाशी इस्त्री करत होती. हात भराभर चालत होता, एक सुरकुती राहत नव्हती. बाईंना बघून तिने स्टूल पुढे सरकवलं.

"बाहेरून परीक्षा देता येते," बाई म्हणाल्या. "वेगळ्या केंद्रावर. तिथे सवलत मिळते. मी सगळी चौकशी केलीय. मी नाही बसणार, दुसरं कोणीतरी बसेल. रेकॉर्डर ठेवून. छोट्या मॅडम शिकवतील. तू फक्त हो म्हण."

टिटवीने शर्टाची बाही उलटवली.

"तुम्ही वाचून दाखवलं ना, बाई, त्या दिवशी," ती म्हणाली, "तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. मला वाटलं, कागदावर पहिल्यांदा माझं काहीतरी आहे. घरी जाऊन बाबांना पण सांगितलं मी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी सोसला असता. "आता कोणी वाचून दाखवलं, तर मला कसं कळणार, की तिथे तेच लिहिलंय?"

बाईंचे डोळे भरून आले. "अगं, माझ्यासारखे सगळेच नसतात."

"तुम्ही तर चांगल्या होतात," टिटवी म्हणाली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गठ्ठा ठेवून निघून गेलं. गठ्ठ्याला चिठ्ठी बांधलेली होती. टिटवीने ती सोडवून उजेडात धरली, ओठ हलवले, आणि मग सवयीने असेल किंवा बाई बसल्यायत म्हणून असेल, चिठ्ठी त्यांच्यापुढे केली. "काय लिहिलंय?"

बाईंनी चष्मा लावला. आयुष्यात काही इतकं जपून त्यांनी वाचलं नव्हतं. "कोट, गरम पाण्यात घालू नये. बटणं सैल आहेत." एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"हं," टिटवी म्हणाली. तिने चिठ्ठी परत घेतली, इस्त्री उभी करून ठेवली आणि वाफेतून मागे वडिलांकडे गेली.

"बाबा," तिचा आवाज आला, "यावर काय लिहिलंय, वाचा जरा."